तळणीच्या तेलाचे तापमान : शलाका-तापमापक व अवरक्त तापमापक यांची निवड आणि वाचन

तेल तळणीजोगे तापले की नाही हे ठरविण्यासाठी पिठाची लहानशी गोळी त्यात टाकून पाहण्याची रीत महाराष्ट्रातील घरोघरी रूढ आहे. गोळी तळाशी बसून राहिली तर तेल थंड, आणि बुडबुडे सोडीत लगेच वर आली तर ते तापले, असा तिचा अर्थ लावला जातो. या रीतीत तथ्य आहेच. गोळीतील पाण्याची वाफ होऊ लागली म्हणजे तेलाचे तापमान १०० अंशांच्या बरेच वर गेले आहे, एवढे त्यावरून निश्चित होते. परंतु तेल १५० अंशांवर आहे की १९० अंशांवर, हे ती गोळी स्पष्टपणे सांगू शकत नाही. बटाटेवड्याच्या बाबतीत नेमका हाच फरक महत्त्वाचा असतो. १५० अंशांच्या तेलात बेसनाचे आवरण घट्ट होण्यास विलंब लागतो व वडा तेलकट निघतो. १९० अंशांच्या पुढे आवरण झपाट्याने काळवंडते आणि आतील सारण मात्र कोमटच राहते. (या लेखातील सर्व तापमाने सेल्सिअस मापनातील आहेत.)

वरच्या मर्यादेला दुसरेही कारण आहे. पिष्टमय पदार्थ उच्च तापमानाला तळले असता त्यांत ॲक्रिलामाइड हे द्रव्य तयार होते, असे स्वीडनमधील संशोधकांनी २००२ साली जाहीर केले. त्यानंतर युरोपीय संघाने २०१७ साली केलेल्या नियमात बटाट्याच्या तळलेल्या कापांसाठी तेल १७५ अंशांच्या खाली ठेवावे, असे सांगितले आहे. अशी मर्यादा पाळावयाची तर तापमान पाच-सहा अंशांच्या अचूकतेने कळावयास हवे. बाजारात सहज मिळणारी दोन साधने हे काम करू शकतात. एक, भांड्याच्या काठाला चिमट्याने अडकवावयाचा शलाका-तापमापक. आणि दुसरे, दुरून रोखून धरावयाचा अवरक्त अर्थात इन्फ्रारेड तापमापक. दोघांच्या तबकडीवर किंवा पडद्यावर उमटणारा आकडा सारखाच दिसत असला, तरी ते दोन आकडे दोन निरनिराळ्या गोष्टींविषयी असतात. वाचनातील बहुतेक प्रमाद या एका गोष्टीच्या विस्मरणातून उद्भवतात.

साधन नेमके काय मोजते?

कोणताही शलाका-तापमापक मुळात तेलाचे तापमान सांगत नाही. तो स्वतःच्या संवेदक भागाचे तापमान सांगतो. तो भाग सर्व बाजूंनी तेलाने वेढलेला असेल, अन्य कोणत्याही तप्त वा थंड वस्तूला टेकलेला नसेल, आणि तेलाशी समतापी होण्यास त्याला पुरेसा अवधी मिळाला असेल, तरच ते तापमान तेलाचे मानता येते. या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तर मिळणारे वाचन तेलाच्या अंतर्भागाचे असते, आणि तळण्याच्या दृष्टीने महत्त्व त्याचेच आहे.

अवरक्त तापमापक तेलाला स्पर्शच करीत नाही. प्रत्येक तप्त पृष्ठभागातून अदृश्य प्रारण बाहेर पडत असते. विल्यम हर्शेल याने १८०० साली सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातील तांबड्या रंगापलीकडे तापमापक ठेवून ज्याचा शोध लावला, तेच हे प्रारण होय. आजच्या साध्या उपकरणात ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे प्रारण एका भिंगातून संवेदकावर घेतले जाते व त्याच्या तीव्रतेवरून तापमानाचे गणित केले जाते. खोल तेल या पट्ट्यात अपारदर्शक असल्यामुळे हे साधन तेलाच्या आत पाहू शकत नाही. त्याला दिसते ती फक्त वरची अगदी पातळ साय. तिच्यावर फेस असेल तर त्याला फेस दिसतो, आणि तेथे वडा तरंगत असेल तर वडा दिसतो.

शलाका-तापमापकाचे प्रमाद

चिमट्याच्या तापमापकांत स्वस्त व सर्वत्र आढळणारा प्रकार म्हणजे द्विधातू पट्टीचा. त्याच्या शलाकेत दोन धातूंच्या पट्टीचे वेटोळे असते. तापल्यावर ते पिळले जाऊन तबकडीवरील काटा फिरवते. हे वेटोळे शलाकेच्या टोकाशी एका बिंदूत नसते. ते खालच्या पाच ते सात सेंटिमीटर भागात पसरलेले असते. अनेक शलाकांवर या भागाची वरची सीमा दाखविणारी लहान खाच असते. ती खाच तेलात बुडाली नाही तर वेटोळ्याचा काही भाग हवेत राहतो आणि काटा खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवितो. घरगुती कढईत तेलाची खोली पुष्कळदा चार सेंटिमीटरच असते. अशा कढईत सहा सेंटिमीटरच्या वेटोळ्याचा तापमापक कितीही काळजीपूर्वक लावला तरी तो योग्य वाचन देणार नाही.

थर्मोकपलच्या शलाकेत संवेदक अगदी टोकाशी असतो, त्यामुळे उथळ तेलात ती अधिक उपयोगी पडते. तथापि शलाकेच्या धातूतून उष्णता वर वाहून जाते, हे तिच्याही बाबतीत खरे आहे. म्हणून शलाकेच्या जाडीच्या किमान दहापट लांबी तेलात असावी, असा ठोकताळा पाळला जातो. तीन मिलिमीटर जाडीची शलाका असेल तर तीन सेंटिमीटर लांबी तेलात असणे इष्ट. खोली अपुरी असल्यास शलाका तिरपी धरावी. त्यायोगे बुडालेली लांबी वाढते.

दुसरा प्रमाद भांड्याच्या आकारातून येतो. चिमटा बनविणाऱ्याने उभ्या भिंतीचे पातेले गृहीत धरलेले असते. कढईची भिंत मात्र उतरती असते. काठाला अडकविलेली शलाका सरळ खाली जाते आणि तिचे टोक उताराला टेकते, किंवा ती भिंतीच्या अगदी निकट राहते. गॅसच्या ज्योतीचे लोळ ह्याच भागाला बाहेरून चाटीत असतात, त्यामुळे तेथील धातू तेलापेक्षा बराच अधिक तापलेला असतो. परिणामी काटा जास्त तापमान दाखवितो. येथे एक चमत्कारिक स्थिती संभवते. अपुऱ्या खोलीमुळे वाचन कमी येते आणि भिंतीच्या स्पर्शामुळे ते जास्त येते. हे दोन दोष एकमेकांना अंशतः झाकतात, आणि मधूनच योग्य आलेल्या आकड्यामुळे साधनावर अनाठायी विश्वास बसतो. ज्योत बदलली की तोल बिघडतो.

हा दोष ओळखण्याची युक्ती सोपी आहे. तेल स्थिर असताना आकडा पाहावा, नंतर झाऱ्याने तेल तळापासून ढवळावे, आणि मग शलाका भिंतीपासून दूर, कढईच्या मध्यभागी, तळापासून एक-दोन सेंटिमीटर वर धरून पुन्हा पाहावे. दोन्ही आकड्यांत चार-पाच अंशांहून अधिक फरक पडला तर चिमट्याची जागा अयोग्य आहे असे समजावे. नेहमी चिमटाच वापरावयाचा असेल तर उभ्या भिंतीचे जाड पातेले घेणे, हाच खरा उपाय.

तिसरा प्रमाद विलंबाचा. संवेदकाला तेलाशी समतापी होण्यास वेळ लागतो. एकाएकी तेलात बुडविलेली शलाका ज्या काळात एकूण फरकापैकी ६३ टक्के अंतर काटते, त्याला तिचा कालांक म्हणता येईल. तेल एकसारखे तापत असताना वाचन खऱ्या तापमानाच्या मागे राहते. आणि किती मागे राहते हे तापण्याचा वेग व कालांक यांच्या गुणाकारावरून मिळते. तेल दर मिनिटाला १५ अंश तापत आहे आणि तापमापकाचा कालांक २० सेकंद आहे असे समजले, तर वाचन ५ अंश मागे असते. काटा १७५ दाखवितो तेव्हा तेल १८० वर पोहोचलेले असते. म्हणून इच्छित तापमानाच्या दहा-पंधरा अंश आधीच ज्योत मंद करावी, आणि काटा स्थिरावल्यावर आलेले वाचन तेवढे खरे मानावे.

अवरक्त तापमापकाचे प्रमाद

अवरक्त साधनात विलंबाचा प्रश्न जवळजवळ नाही. त्याचे उत्तर एका सेकंदाच्या आत मिळते. ह्याच चपळपणामुळे त्याविषयी भलताच विश्वास निर्माण होतो. त्याचा सर्वांत मोठा दोष उत्सर्जकतेच्या संदर्भात घडतो. एखादा पृष्ठभाग त्याच तापमानाच्या आदर्श कृष्ण पदार्थाच्या मानाने किती प्रारण सोडतो, हे सांगणारी संख्या म्हणजे उत्सर्जकता. खोल तेलाची उत्सर्जकता सुमारे ०.९५ धरतात आणि बहुतेक साधी उपकरणे याच संख्येवर कायमची बांधलेली असतात. त्यामुळे तेलाकडे रोखले असता हा दोष लहान राहतो. परंतु तेल ओतण्यापूर्वी रिकामे भांडे पाहिले, अथवा तेलाऐवजी भांड्याच्या चकचकीत कडेवर नेम धरला, तर चित्र पालटते.

समजा, लखलखीत स्टीलचे पातेले १७५ अंशांवर आहे, त्याची उत्सर्जकता ०.२ आहे, आणि स्वयंपाकघरातील भिंती ३० अंशांवर आहेत. पातेल्याचे स्वतःचे प्रारण त्याच तापमानाच्या आदर्श कृष्ण पदार्थाच्या केवळ पाचव्या हिश्शाएवढे असते. भिंतींकडून येणाऱ्या प्रारणाचे मात्र पाचांपैकी चार हिस्से पातेल्यावर परावर्तित होऊन उपकरणाकडे येतात. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असते, या नियमाने दोहोंची बेरीज केली आणि ०.९५ वर बांधलेले उपकरण त्या बेरजेचा काय अर्थ लावील हे काढले, तर उत्तर ८० अंशांच्या आसपास येते. म्हणजे १७५ अंशांवरील पातेल्याचे वाचन ८० अंश! एवढ्या वाचनावर विसंबून ज्योत वाढविणाऱ्याच्या हातून पुढे ओतलेले तेल धुराच्या बिंदूपलीकडे जाणे अगदी शक्य आहे. शुद्धीकृत शेंगदाणा तेलाचा तो बिंदू सुमारे २३० अंशांवर असतो, आणि त्याच्याही पुढे तापलेले तेल पेट घेऊ शकते. वापराने काळी पडलेली लोखंडी कढई या बाबतीत पुष्कळ बरी, कारण तिची उत्सर्जकता उच्च असते.

दुसरा दोष नेमाचा. उपकरणातून निघणारा लाल ठिपका काहीही मोजीत नाही. तो केवळ दिशा दाखवितो. प्रत्यक्ष मोजणी त्या ठिपक्याभोवतीच्या एका वर्तुळाची होते. उपकरणावर १२:१ असे प्रमाण लिहिलेले असेल, तर ३० सेंटिमीटर अंतरावरून ते वर्तुळ अडीच सेंटिमीटर व्यासाचे आणि ६० सेंटिमीटरवरून पाच सेंटिमीटर व्यासाचे असते. वर्तुळाच्या कडेबाहेरूनही थोडे प्रारण संवेदकापर्यंत येते, म्हणून मोजावयाचा भाग वर्तुळाच्या दुप्पट रुंद असणे सुरक्षित. उभे राहून हातभर अंतरावरून लहान कढईवर नेम धरला तर तेलाबरोबर कढईची कड, तरंगते वडे आणि झारा हे सर्वच त्या वर्तुळात येतात व वाचन त्या सर्वांची सरासरी होऊन बसते.

तिसरा दोष तेलावरील आच्छादनाचा. वडे सोडल्याबरोबर त्यांतील पाण्याची वाफ उसळते. वर येताच तिचे बारीक थेंब बनतात. ते थेंब व तेलाचे तुषार प्रारण अडवितात आणि भिंगावरही बसतात. वाफाळलेल्या भिंगातून आलेले वाचन कमीच असते. शिवाय ओलसर वड्याच्या पृष्ठभागातून पाणी निघत आहे तोवर तो पृष्ठभाग १०० अंशांच्या फार वर जाऊ शकत नाही. तेव्हा तळणी चालू असताना अवरक्त साधनाने घेतलेले वाचन तेलाचे मानणे योग्य नव्हे. ते घ्यावयाचेच असेल तर दोन घाण्यांच्या मध्ये, बुडबुडे शमल्यावर, तेल ढवळून, वाफेच्या झोतातून भिंग बाजूला ठेवून व किंचित तिरपा नेम धरून घ्यावे. फार तिरपा नेमही चालत नाही, कारण पृष्ठभागाला समांतर होत गेलेल्या दिशेने परावर्तन वाढते. ढवळण्याचे कारण असे की स्थिर तेलाची वरची साय हवेकडे उष्णता गमावून आतील तेलापेक्षा काही अंशांनी थंड झालेली असते.

येथेच आणखी एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. कपाळाचे तापमान पाहण्याचे अवरक्त साधन दिसावयास सारखेच असले तरी त्याची कक्षा मानवी शरीरापुरती, सुमारे ४३ अंशांपर्यंतच असते, आणि त्याच्या आकड्यात शरीरासाठी केलेली दुरुस्ती मिसळलेली असते. तळणीसाठी ते सर्वथा निरुपयोगी आहे. मांसाच्या आतील तापमानासाठी बनविलेल्या लहान कक्षेच्या शलाकेचीही हीच गत. तळणीसाठी कोणतेही साधन घेताना त्याची वरची मर्यादा २५० अंशांच्या खाली नसावी.

एका घाण्याचे उदाहरण

वरील दोष एकत्र कसे येतात हे एका घाण्यावरून स्पष्ट होईल. येथील आकडे नमुन्यादाखल घेतले असले तरी त्यांमागील कारणे वर आलेलीच आहेत. लोखंडी कढईत दीड लिटर तेल असून मध्यभागी धरलेल्या थर्मोकपलनुसार ते १७५ अंशांवर आहे. काठाला अडकविलेला द्विधातू तापमापक उताराला टेकलेला असल्यामुळे १८६ दाखवितो. अवरक्त साधन स्थिर पृष्ठभागावर १६९ आणि ढवळल्यानंतर १७३ दाखविते. आता पन्नास ग्रॅमचे सहा वडे सोडले आणि पहिल्या दीड मिनिटात त्यांतून १५ ग्रॅम पाण्याची वाफ झाली, असे समजा. तेवढ्या वाफेला सुमारे ३४ किलोज्यूल उष्णता लागते. दीड लिटर तेलाचे तापमान एका अंशाने बदलण्यास साधारण ३.२ किलोज्यूल पुरतात. म्हणजे ज्योतीने काहीच भर घातली नाही तर केवळ वाफेपायी तेल दहा-अकरा अंशांनी उतरेल. वडे तापण्यासाठी लागणारी उष्णता त्याहून निराळी. मंद ज्योत त्यातील काही भाग भरून काढते आणि थर्मोकपल १६३ दाखवितो. ही घट खरी आहे व अपेक्षितही आहे.

त्याच क्षणी अवरक्त साधन मात्र फेस, वाफ आणि ओले वडे यांची सरासरी घेऊन १४० दाखविते. हा आकडा खरा मानणारा ज्योत पूर्ण मोठी करतो. दोन-तीन मिनिटांनी वाफ ओसरते, वडे तेलातून घेत असलेली उष्णता घटते, पण ज्योत तशीच राहते आणि लोखंडात साठलेली उष्णताही तेलात उतरत राहते. पहिले वडे बाहेर काढीपर्यंत तेल १९० च्या वर गेलेले असते आणि दुसरा घाणा पडताक्षणीच काळवंडतो. उलटपक्षी, चिमट्याच्या १८६ या आकड्यावर विसंबून ज्योत आणखी कमी करणाऱ्याचे तेल वडे सोडल्यावर १५० च्या आसपास घसरते आणि वडे तेलकट निघतात. दोघांच्याही पुढे तापमापक होता, आणि दोघांनीही आकडा बिनचूक वाचला होता. चुकला तो आकड्याचा विषय.

तापमापकाची पडताळणी

साधन योग्य जागी धरले तरी ते स्वतः बरोबर आहे की नाही हे पाहावे लागते. शलाकेसाठी दोन स्थिर बिंदू घरी उपलब्ध असतात. बर्फाचा बारीक चुरा व थोडे पाणी यांच्या ढवळलेल्या मिश्रणात तिने शून्य दाखविले पाहिजे. उकळत्या पाण्यात उत्कलनबिंदू. मात्र उत्कलनबिंदू स्थळाच्या उंचीप्रमाणे बदलतो. मुंबईत तो १०० अंश धरता येतो. सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात तो ९८ अंशांच्या जवळ, आणि महाबळेश्वरी साडेपंचाण्णवच्या आसपास असतो. पुण्यात ९८ दाखविणाऱ्या निर्दोष तापमापकाला दोन अंश "सुधारणे" हा पुष्कळदा आढळणारा प्रमाद होय.

एकाच बिंदूवरील पडताळणी तळणीसाठी अपुरी आहे, कारण दोष तापमानाबरोबर वाढत जाऊ शकतो. पुण्यात एखादी शलाका बर्फात १ आणि उकळत्या पाण्यात १०१ दाखवीत असेल, तर पहिल्या ठिकाणी दोष १ अंशाचा व दुसऱ्या ठिकाणी ३ अंशांचा आहे. ९८ अंशांत तो २ ने वाढला. याच प्रमाणात वाढला तर १७५ अंशांवर तो साडेचार अंशांच्या जवळ जातो. हा अंदाज दोन बिंदूंपलीकडे सरळ रेषा वाढवून केलेला आहे, हे ध्यानात ठेवून दोष पाच-सहा अंशांहून अधिक निघाल्यास ती शलाका तळणीसाठी वापरू नये. अवरक्त साधनाची शून्याची पडताळणी बर्फाच्या मिश्रणाच्या पृष्ठभागावर करता येते. उकळत्या पाण्यावर ती करू नये, कारण तेथे पुन्हा वाफ आडवी येते. त्याऐवजी ढवळलेल्या, निवांत तेलात पडताळलेल्या शलाकेचे वाचन घेऊन त्याच्याशी त्याची तुलना करावी.

यावरून निवडीचा प्रश्न बराचसा सुटतो. ज्याला एकच साधन घ्यावयाचे आहे त्याने टोकाशी संवेदक असलेली, २५० अंशांपलीकडे कक्षा असलेली बारीक थर्मोकपल शलाका घ्यावी आणि कढईसाठी ती काठाला न अडकविता हाताने किंवा एखाद्या घोडीच्या आधाराने मध्यभागी धरावी. उभ्या भिंतीच्या खोल पातेल्यात तळणाऱ्यास द्विधातूचा चिमटाही पुरतो. मात्र खाच बुडेल इतके तेल हवे. अवरक्त साधन दुय्यम मानून घाण्यांमधील चटकन घ्यावयाच्या नोंदीसाठी ठेवावे, आणि त्याच्या व शलाकेच्या वाचनांतील नेहमीचा फरक एकदा नोंदवून घ्यावा. पुढे तो फरक अचानक बदललेला आढळला, तर तेलाविषयी काही ठरविण्यापूर्वी भिंग पुसून पाहावे.